रेघेखालचा ठिपका

माझ्या लाल पेन्सिलीला सगळी शाळा घाबरायची. इंदापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी तीस-बत्तीस वर्षं इतिहास शिकवला, रोज बारामतीहून एसटीनं जाऊन-येऊन. पोरांनी निबंधात 'राजांच्या डोळ्यांत अंगार फुलला' असलं काही लिहिलं की समासात माझा एकच शेरा पडायचा : कशावरून? तू होतास का बघायला? अंगार फुलला हे कुठल्या कागदात सापडलं तुला? पोरं रडकुंडीला यायची. मागून मला 'कशावरूनबाई' म्हणायची. म्हणू देत. मला त्याचं काही वाटायचं नाही, उलट बरंच वाटायचं.

पण मी रुक्ष लिहा असंही कधी सांगितलं नाही. सनावळ्यांची यादी आणून दिली तरी वही तोंडावर फेकायची. इतिहास जिवंत लिहायचा आणि पदरचं मात्र काही घालायचं नाही, हे माझं दुखणं. हे मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. बारामतीत आमच्या अब्बांचं गाद्या-उशांचं दुकान होतं. पिंजारी लोक आम्ही. जुन्या गादीतला कापूस दगडासारखा बसलेला असायचा. अब्बा तो पिंजायचे आणि दुकानभर ढग झाल्यासारखं व्हायचं. गिऱ्हाइकाला संशय यायचा, चाचा, दुसरा कापूस मिसळला का काय? मग अब्बा पुन्हा तागडीत घालून दाखवायचे. फुगलाय चौपट, वजन तेवढंच. लिहिणं असं असावं, एवढंच मला कळतं.

तर गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. आता तो पन्नाशी ओलांडलेला माणूस, बावड्याच्या बाजूला त्याचं गाव. बहात्तरच्या दुष्काळात गावानं एक पाझर तलाव खोदला होता. त्यातला गाळ गावकऱ्यांनी नुकताच काढला होता, आणि आता तलावावर काम केलेली जी माणसं हयात आहेत त्यांचा सत्कार करायचा, त्यांच्यासाठी एक पुस्तिका काढायची, असं ठरलं होतं.

"बाई, तुमीच ल्हिवायचं," तो म्हणाला. "दुसरा कुणी लिहील तर सिनेमा करून ठिवल."

"कागद काय आहेत तुमच्याकडं?"

"आमच्या दादांची हजेरीवही हाय."

त्याचे वडील त्या कामावर हजेरी घेणारे मुकादम होते. पक्का हजेरीपट सरकारात जमा झाला आणि पुढं कुठं गेला कोण जाणे. पण दादा आधी एका कच्च्या वहीत खुणा करायचे आणि संध्याकाळी त्यावरून पक्क्यात उतरवायचे. ती कच्ची वही घरातल्या पेटीत राहिली होती. लाल कापडी बांधणी, पानं पिवळी, कडा वाळवीनं कातरलेल्या. डावीकडं टोळीवार नावं, पुढं एकेका दिवसाचं घर. हजर असला की उभी रेघ. नसला की 'गै'. आठवड्याच्या शेवटी टोळीच्या खड्ड्याची मापं, म्हणजे किती माती काढली त्याचा हिशोब. बास. रेघा, रेघा आणि रेघा. दोन दिवस ती वही चाळून माझं डोकं बधिर झालं.

"यातनं काय लिहू मी? कपाळ?" मी त्याला फोनवर ओरडले.

तो हसला. "तुमीच म्हणायच्या की, कागद बोलतो."

म्हणाले होते खरी. मग गप्प बसून कामाला लागले.

रेघांना बोलतं कसं करायचं, तर त्यांच्याभोवती जे खरंखुरं मोजता येतं ते मोजायचं. मी तलावावर गेले. माती जिथून काढली ती जागा अजून खोलगट दिसते. तिथून भरावाच्या पायथ्यापर्यंत टेप लावला. माती किती लांब वाहिली याला त्या कामात लीड म्हणतात आणि किती उंच चढवली त्याला लिफ्ट. दोन्ही मोजलं. विद्यार्थ्याच्या घरून घमेलं आणवलं, तिथलाच मुरूम भरला, काट्यावर ठेवला. मग ते घमेलं डोक्यावर घेऊन मी स्वतः त्या चढावर गेले. सहासष्टाव्या वर्षी. निम्म्या वाटेत मानेतून कळ आली आणि घमेलं सोडून खाली बसले. गावातली चार माणसं बघत होती. एकजण म्हणाला, "बाई, उगं कशाला जिवाला तरास." मी त्याला म्हटलं, मग तूच सांग, पन्नास खेपा घातल्यावर कुठं दुखतं?

पण पुस्तिकेत 'त्यांच्या मानेत कळ येई' असं मी लिहिलं नाही. ती कळ माझी. त्यांची कशावरून? मी लिहिलं ते एवढंच : भरलेलं घमेलं इतक्या वजनाचं, वाट इतक्या पावलांची, चढ असा उभा, आणि अमुक बाईच्या नावापुढं सलग इतक्या रेघा. वाचणाऱ्याची मान आपोआप दुखते. सूर्याबद्दलही मी लिहिलं, कारण भराव कुठल्या दिशेला आहे ते डोळ्यांनी दिसतं. दुपारनंतर चढणाऱ्याच्या तोंडावर ऊन येणारच, त्याला साक्षीदार लागत नाही. 'घाम पुसत', 'डोळ्यांत पाणी', 'तरीही हसतमुखानं' असले शब्द पेनात आले की मी ते स्वतःच कापायची.

त्यात मग मी ग्रामपंचायतीतल्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीच्या झेरॉक्स मागवल्या. दोन कागद शेजारी ठेवले की तिसरी गोष्ट दिसते, हा माझा जुना अनुभव. आणि दिसली. तिसऱ्या टोळीत पाच बायका होत्या. त्यातल्या एकीची दीड वर्षांची मुलगी एका मंगळवारी गेली. कारण : ताप. मी हजेरीवही उघडली, तो मंगळवार काढला, तिच्या नावावरून बोट सरकवत नेलं.

रेघ. हजर.

बुधवारी रेघ. गुरुवारी रेघ. या खुदा! पोर गेलं त्या दिवशी ही बाई मातीची घमेली वाहत होती? पोटासाठी? की सांगितलंच नाही कुणाला? माझ्या अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला बोलू, त्या काट्याबरोबर आनंदही झाला. लिहिणाऱ्याला असं काही सापडलं की होतो तो. हेच आपल्या पुस्तिकेचं काळीज, असं वाटलं.

त्या रात्रीतच मी दीड पान लिहून काढलं. एकही शब्द पदरचा नव्हता. 'मंगळवारी नोंदवहीत तिच्या मुलीचं नाव आलं. मंगळवारी हजेरीवहीत तिच्या नावापुढं रेघ आली. खड्ड्यापासून भरावापर्यंतची ती पावलं तिनं त्या दिवशीही मोजली. घमेलं तेवढ्याच वजनाचं होतं.' लिहून झाल्यावर मीच लाल पेन्सिल घेऊन बसले. कशावरून? हजेरीवहीवरून. कशावरून? मृत्यूच्या नोंदीवरून. कुठं बोट ठेवायला जागा नाही. अब्बांच्या तागडीत घातलं असतं तरी वजन बरोबर भरलं असतं.

ती बाई हयात होती. पणदऱ्याला नातवाकडं राहत होती, म्हणून आधी भेट झाली नव्हती. आता खोटं नको, भेट झाली नव्हती कारण मला घाईही नव्हती. माणसं विसरतात, कागद विसरत नाही, असं मी तीस वर्षं शिकवलेलं. छापायच्या आधी तिला वाचून दाखवावं, फोटो घ्यावा, एवढ्याचसाठी मी पणदऱ्याला गेले.

गोठ्यासमोर बाजेवर बसली होती. सत्तरीच्या वर वय, काटक, हातात खुरपं. नातसुनेनं चहा ठेवला. मी ओळख सांगितली, तिला आक्का म्हटलं, सत्काराचं सांगितलं. खूश झाली. "आमचा सत्कार? मातीचा सत्कार करा की, ती आमच्यापरास जास्ती हलली," म्हणाली आणि स्वतःच हसली. मला बाई फार आवडली.

मग मी वाचायला लागले. लीड, घमेलं, ऊन, ती मान हलवत होती. "व्हय, व्हय, आसंच," म्हणाली. मंगळवार आला. मी आवाज जरा खाली आणला. अगदी मन लावून वाचत होते, म्हणून तिच्याकडं लक्ष नव्हतं. वाक्य संपवून वर बघितलं तर ती बाजेवरून उठून उभी राहिलेली.

"मी तवा घमेलं उचलत हुते?"

मी वाचलेली ओळ बोटानं धरून ठेवली.

"माझं लेकरू मांडीवर गार पडल्यालं, आन् मी घमेलं उचलत हुते? तुला कुणी सांगितलं?"

इतका वेळ ती मला तुमी म्हणत होती. मी म्हणाले, "आक्का, हजेरी आहे. दादांच्या वहीत रेघ आहे तुमच्या नावापुढं."

"रेघ हाय! रेघंला काय डोळं हायत?" ती ओरडली. नातसून धावत आली. "दोपारपातुर मांडीवर घिऊन बसले हुते. पुरुषमाणसांनी हातातनं काढून घेतली. तीन दीस मी भुईवरनं उठले न्हाय. त्या तीन दिसांची हजेरी मुकादमानं लावली. मला ठावं बी नव्हतं. टोळीतल्या चौघींनी माझ्या वाटची माती काढली. शनवारी पगार हातात आला तवा कळलं."

"मग हे तुम्ही कधी कुणाला..."

"सांगितलं की! कुणी ऐकलं? माझी सासू तवा लेकीकडं हुती, पगार तेवढा बघितला, आन् मरंस्तवर सांगत हिंडली, हिनं पोर मेल्याल्या दिशीची बी हजेरी सोडली न्हाय म्हणून. पाणवठ्यावर बायका म्हागनं बोलायच्या. आसली कसली आई म्हणायच्या." ती माझ्या हातातल्या कागदांकडं बघत राहिली. "पन्नास वरसं लोकं त्वांडानं बोलली. त्वांडाचं वाऱ्यावर जातं. तू तर छापून ठिवणार."

मी शिक्षिका. आयुष्यभर दुसऱ्याच्या समासात शेरे मारले. त्या गोठ्यासमोर माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. सगळं खरं होतं, एक अक्षर रचलेलं नव्हतं, आणि तरी मी एका आईवर तिच्या सासूपेक्षा मोठा आळ घेतला होता. वर तो इतका छान लिहिला होता की वाचणारा कधी विसरला नसता.

"मी काढून टाकते हे पान," मी कशीबशी म्हणाले.

"काडू नगंस." ती आता शांत झाली होती, पण मला बसही म्हणाली नाही. "काडलंस तर सासूचंच खरं ऱ्हाईल. मी नव्हते, आसं ल्ही. सगळ्यांम्होरं वाच. मी येतीया ऐकायला."

दुसऱ्या दिवशी इंदापूरची गाडी धरली आणि विद्यार्थ्याच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्याचा चेहरा बदलत गेला.

"म्हंजी दादांनी खोटी हजेरी लावली, आसं छापणार तुमी?"

"बाई सांगते ते छापणार. तिच्या नावानं."

"बाई, पंचक्रोशीत आमच्या दादांचं नाव हाय. चार पैशाची लबाडी केली न्हाय माणसानं. त्यांच्याच वहीवरनं पुस्तक काढायचं आन् त्यांनाच खोटं पाडायचं? मग वही द्या माझी म्हागारी. त्ये पानच नगं. गाळून टाका, कुणाचंच नुस्कान न्हाय."

"त्या म्हातारीचं आहे."

"तिचं काय ऐकता? वय झालंय. इसरली आसंल."

मी चिडले. भयंकर चिडले. "अरे गाढवा, पोर मांडीवर मेलेलं कुणी विसरतं का?" असं त्याच्या बायकोसमोर, सुनेसमोर म्हणाले. तो खाली मान घालून बसला, नववीत बसायचा तसा. आणि ओरडून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. मीच तर शिकवला होता. कशावरून? म्हातारी म्हणते म्हणून? काल वही म्हणते म्हणून लिहिलं, आज म्हातारी म्हणते म्हणून लिहायचं?

"आण ती वही," मी म्हटलं. "तू आणि मी मिळून बघू."

उजेडासाठी आम्ही पडवीत बसलो. तो मंगळवार काढला. मापं बघितली : त्या आठवड्यात तिसऱ्या टोळीचा खड्डा मापाला आदल्या आठवड्याएवढाच भरला होता. म्हणजे चौघींनी पाचजणींची माती काढली हे शक्य होतं. शक्य होतं, सिद्ध नव्हतं. मी चष्मा पुसून रेघेवर वाकले. रेघेच्या खाली एक ठिपका होता. हा मी आधीही बघितला होता. जुन्या वह्यांत माश्यांची घाण असते, शाईचे शिंतोडे असतात, म्हणून सोडून दिला होता. बुधवारीही ठिपका. गुरुवारीही. शुक्रवारी रेघ, ठिपका नाही.

ती शुक्रवारी कामावर परतली होती.

तीन दिवस रेघेच्या बरोबर खाली, बरोबर मध्यभागी बसायला माशी काय शिकलेली असते? आम्ही दोघं पहिल्या पानापासून निघालो. तो ठिपका शोधायचा, मी तारीख वाचायची आणि नोंदवहीच्या झेरॉक्समध्ये बघायची. एका माणसाच्या नावाखाली दोन ठिपके, त्याच दिवसांत त्याच्या आईचा मृत्यू. एका बाईच्या नावाखाली ओळीनं ठिपके, पहिल्या ठिपक्याच्या दिवशी तिला मुलगा. काही ठिपक्यांचा मेळ कशाशीच लागला नाही. ते मी तसंच टिपून ठेवलं, मेळ लागत नाही असं. पण जिथं लागला तिथं असा लागला की योगायोग म्हणता येईना.

"दादा," तो पुटपुटला. एवढंच.

मुकादमानं सरकारच्या हिशोबात माणसं हजर दाखवली आणि स्वतःच्या वहीत खरं काय ते ठिपक्यानं लिहून ठेवलं. असं का केलं, ते त्यानं कुठं लिहिलेलं नाही. मीही लिहिणार नव्हते.

झेरॉक्स चाळता चाळता एका जन्माच्या नोंदीशी त्याचं बोट थांबलं. मुलगा. बापाचं नाव त्याच्या दादांचं. तो एकुलता एक.

"ह्यो मी," तो म्हणाला. मग गोंधळला. "पर बाई, माझा वाढदिवस एक जूनला."

त्याचा दाखला मीच बघितलेला. एक जून, आमच्याकडच्या निम्म्या लोकांसारखा. शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेली तारीख. खरी तारीख थंडीतली निघाली. बावन्न वर्षांचा माणूस आपला खरा वाढदिवस पहिल्यांदा बघत होता. त्याला हसावं की काय करावं कळेना. मग त्यानं घाईघाईनं वही ओढली. त्याची आईही कामावर होती, पाचव्या टोळीत. त्यानं ती तारीख काढली, आईचं नाव काढलं. मला ठाऊक होतं तो काय शोधतोय. रेघ आणि ठिपका.

'गै'. दुसऱ्या दिवशी 'गै'. तिसऱ्या दिवशी. असे नऊ दिवस. ठिपका कुठंच नाही. दहाव्या दिवशी रेघ.

"सगळ्या गावाला दिली," तो म्हणाला, "आन् माझ्या आईला न्हाय?"

तो वही उचलून उजेडाकडं धरून बघत होता, कशाला कोण जाणे. आणि मला पाठीमागून दिसलं. पहिल्या 'गै'च्या जागी कागदातून उजेड जास्त येत होता. मी वही त्याच्या हातातून घेतली. त्या एका घरात कागद खरवडलेला होता. आधी काहीतरी उभं लिहिलेलं, ते काढून वर 'गै' केलेलं. खालच्या बाजूला, मध्यभागी, टाचणीच्या टोकाएवढं पातळ झालेलं.

त्यानं तिथं बोट ठेवलं आणि खूप वेळ काढलं नाही. नंतर म्हणाला, "बाई, ल्ह्या की, त्यांच्या जिवाला लागलं आसंल म्हणून. दादांना वाईट वाटलं आसंल."

"कशावरून?" मी म्हटलं. पण माझा आवाज काही शाळेतला राहिला नव्हता.

"मग काय ल्हिवणार?"

"दिसतंय ते."

मी लिहिलं, 'या ठिकाणी कागद ब्लेडने खरवडला आहे.' मग 'ब्लेडने' खोडलं. ब्लेड कुणी बघितलं होतं?

"छापा," तो म्हणाला. "म्हातारीचं बी छापा. सगळं छापा."

सत्कार तलावाच्या भरावावरच झाला, सकाळी. आक्का नातवाच्या गाडीतून आली, नवीन इरकली नेसून पुढच्या खुर्चीत बसली. माझ्याकडं बघून हसली नाही. पुस्तिका छापून आल्या होत्या, गठ्ठा टेबलावर. तिची गोष्ट मी नव्यानं लिहिली होती, ती उभं राहून वाचली. 'मंगळवारी हजेरीवहीत रेघ आहे. बाई सांगतात : मी नव्हते. माझं लेकरू माझ्या मांडीवर होतं. रेघेच्या खाली एक ठिपका आहे. असे ठिपके वहीत इतरांच्याही नावाखाली आहेत, त्यांतले काही त्यांच्या घरातल्या जन्म-मृत्यूच्या दिवशी आहेत. चौघींनी पाचजणींचा खड्डा काढला, असं बाई सांगतात. खड्डा मापाला पूर्ण भरला आहे, असं वही सांगते.'

मागं बसलेल्या म्हाताऱ्या बायकांत कुजबुज झाली आणि थांबली. आक्का वळली, त्यांच्याकडं नीट बघून घेतलं, आणि मग मोठ्यानं म्हणाली, "आता बरुबर हाय."

मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. त्याच भरात मी पुढचा परिच्छेद वाचला, मुकादमांच्या पत्नीचा. नऊ दिवस 'गै', ठिपका नाही, पहिल्या घरात कागद खरवडलेला. 'दहाव्या दिवशी त्या पुन्हा भरावावर माती वाहू लागल्या.' माझा विद्यार्थी रुमालानं तोंड झाकून बसला होता.

"न्हाय, न्हाय, न्हाय," आक्का म्हणाली.

मी थांबले. आता काय?

"आली हुती. पर माती कुठं वाहिली? आमी वाहू दिली व्हय? ओली बाळंतीण ती. म्हैनाभर तिकडं भरावाच्या आडोशाला बसून हुती, ह्याला पाजत." तिनं माझ्या विद्यार्थ्याकडं हात केला. "तिच्या वाटची घमेली आमी टाकली. सगळ्या टोळ्यांनी. मुकादमानं आमच्या घरची दुखणी झाकली, आमी त्याच्या बायकूचं झाकलं."

"आणि मुकादमांना दिसलं नाही?" माझ्या तोंडून गेलं.

"त्यो तिकडं पाठ करून हुबा ऱ्हायचा. म्हैनाभर म्हागं वळून बघितलं न्हाय."

मी हातातल्या छापील पानाकडं बघत राहिले. रेघ दिसली आणि मी पुन्हा एका बाईच्या डोक्यावर घमेलं दिलं होतं. पुन्हा! 'माती वाहू लागल्या.' कशावरून? रेघेवरून. पणदऱ्यात त्या गोठ्यासमोर तोंडात खाल्ल्याला महिनाही झाला नव्हता, आणि मी तीच चूक, तेवढ्याच सुबक वाक्यात, तीनशे प्रतींत छापून आणली होती.

जेवणं उरकेपर्यंत मी आणि माझा विद्यार्थी त्या टेबलाशी बसलो. मी पर्समधून लाल पेन्सिल काढली. त्यानं एका पोराच्या दप्तरातून दुसरी आणवली. एकेक प्रत उघडायची, ते पान काढायचं, माझं वाक्य खोडायचं. समासात काय लिहायचं ते आक्का शेजारी खुर्ची ओढून सांगत होती आणि आम्ही लिहीत होतो. पहिल्या काही प्रती झाल्यावर त्याच्याकडं बघितलं तर तो 'मुकादमांची पत्नी' किंवा 'बाई सांगतात' असं काही लिहीत नव्हता. तो प्रत्येक प्रतीत लिहीत होता, 'आई कामावर होती. तिनं माती वाहिली नाही.'

ते खोडायला मी त्याला सांगितलं नाही.